‘अ डॉल्स हाऊस’ : नाट्यवर्गासाठी प्रश्न काढताना आलेली अडचण

काळी माती

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी दर रविवारी नाट्यवर्ग घेतो. वर्गात चौदा मुले-मुली आहेत. त्यांतील बहुतेक आसपासच्या खेड्यांतून एस.टी.ने येतात आणि साडेचारची गाडी चुकू नये म्हणून चारलाच घड्याळाकडे पाहू लागतात. या सत्रात नॉर्वेजियन नाटककार इब्सेनचे ‘अ डॉल्स हाऊस’ मराठी भाषांतरातून वाचले असून फेब्रुवारीत त्याचा तिसरा अंक गावच्या समाजमंदिरात करावयाचा आहे.

प्रयोगाआधी मुलांनी नाटकाचा लेखी विचार करावा म्हणून मी नऊ प्रश्न दिले होते. पात्रे तशी का वागतात, रंगमंचावर काय कसे दाखवावे आणि शेवट काय अनुत्तरित ठेवतो, असे त्याचे तीन भाग होते. उत्तरे वाचून मी निराश झालो, आणि दोष मुलांचा नसून माझा आहे हेही लक्षात आले. नाटकाची नायिका नोरा शेवटी नवरा आणि मुले सोडून जाते. “नोरा घर सोडून का जाते?” या प्रश्नाला चौदांपैकी अकरा जणांनी “स्वाभिमानासाठी” असे लिहिले. “शेवट तुम्हांला योग्य वाटतो का?” याला सात जणांनी हो आणि सात जणांनी नाही म्हटले, आणि दोन्ही गटांची कारणे नाटकाचे एक पानही न उलटता लिहिता येतील अशीच होती. “नेपथ्य कसे असावे?” याच्या उत्तरात सोफा, नाताळचे झाड आणि शेगडी यांची यादी आली.

ज्याचे उत्तर लिहिण्यासाठी मुलाला पुन्हा संहितेकडे जावेच लागेल, असा प्रश्न कसा काढावा, एवढेच मला विचारायचे आहे. ज्यांनी हे नाटक शिकवले किंवा केले असेल त्यांनी मोकळेपणाने लिहावे.

---

वऱ्हाडी वाचक

सर, आपला उपक्रम फार चांगला आहे. आमच्याकडील एका महाविद्यालयात या नाटकावर दहा गुणांचा प्रश्न येतो, त्यामुळे आदर्श उत्तरे तयार करून दिलीत तर पुष्कळ मुलांची सोय होईल. नोराचे व्यक्तिचित्र साधारण दीड पानांत बसावे. वेशभूषेसाठी युरोपीय कपडे भाड्याने हवे असल्यास नागपूरला सहज मिळतात.

---

काळी माती

धन्यवाद भाऊ, परंतु आदर्श उत्तरे नकोत म्हणूनच तर हा धागा काढला आहे. कपड्यांचे पाहू. बहुधा साड्यांवरच निभावू.

---

तिसरी घंटा

मी हे नाटक दोनदा बसवले आहे, त्यातील एक प्रयोग पार फसला होता. म्हणून थोड्या विस्ताराने लिहितो.

आपले प्रश्न फार मोठ्या ठिकाणाहून सुरू होतात. “का जाते?” असे विचारले की मूल नाटकाच्या शेवटावर उभे राहून मागे पाहते आणि जे शब्द आधीच कानांवर पडलेले असतात ते लिहून मोकळे होते. त्याऐवजी एक छोटी कृती घ्यावी, आणि ती कोणत्या वाक्यानंतर घडते एवढेच आधी विचारावे. “का” हे त्यानंतर विचारावे.

नोराचा नवरा हेल्मर याचेच उदाहरण घेऊ. बँकेचा व्यवस्थापक म्हणून तो तेथील कर्मचारी क्रोगस्टाडला कामावरून काढतो. का काढतो, असे विचारले तर प्रत्येक मूल लिहील की क्रोगस्टाडने पूर्वी खोटी सही केली होती आणि हेल्मर तत्त्वनिष्ठ आहे. पहिल्या अंकात हेल्मर स्वतः तसेच सांगतो. खोटेपणा घराची हवा दूषित करतो आणि मुलांपर्यंत पोहोचतो, असे भाषणच तो देतो. इकडे नोराने नवऱ्याच्या आजारपणात याच क्रोगस्टाडकडून चोरून, वडिलांची खोटी सही करून कर्ज काढलेले आहे, आणि ते उघड करण्याची धमकी तो तिला देतो. म्हणून दुसऱ्या अंकात नोरा क्रोगस्टाडसाठी रदबदली करते, तेव्हा काय होते ते ओळीने पाहावे. आधी तो म्हणतो की नवा व्यवस्थापक बायकोच्या सांगण्यावरून निर्णय फिरवतो अशी चर्चा झाली तर आपले हसे होईल. पुढे तो कबूल करतो की क्रोगस्टाडच्या चारित्र्याकडे एक वेळ कानाडोळा करता आला असता, आणि माणूस कामाला चांगला आहे असेही ऐकले आहे. खरी अडचण अशी की दोघे तरुणपणीचे ओळखीचे आहेत आणि क्रोगस्टाड चारचौघांत त्याला अरे-तुरे करतो. हे त्याला सहन होत नाही.

यावर नोरा म्हणते की ही कारणे क्षुद्र आहेत. तो शब्द हेल्मरला झोंबतो, आणि त्याच क्षणी तो मोलकरणीला हाक मारून बडतर्फीचे पत्र रवाना करतो. पत्र आधीच लिहिलेले होते. त्याच्या कागदांत ते पडून होते आणि कदाचित आणखी एक दिवस पडून राहिले असते. ते निघाले नोराच्या एका शब्दामुळे.

म्हणून प्रश्न असा ठेवावा : “हेल्मर बडतर्फीचे पत्र कोणत्या वाक्यानंतर पाठवतो? ते वाक्य नोरा बोलली नसती तर पत्र केव्हा गेले असते?” याचे उत्तर पान न उघडता लिहिता येणार नाही. शिवाय अरे-तुरेचा मुद्दा मराठी मुलांना इंग्रजीत वाचणाऱ्यांपेक्षा लवकर कळतो. तालुक्याला साहेब होऊन आलेल्या माणसाला शाळेतल्या मित्राने कचेरीत शिपायासमोर एकेरी हाक मारली तर त्याचा चेहरा कसा होतो, हे आपल्या मुलांनी पाहिलेले असते.

असाच दुसरा प्रश्न हेल्मरच्या घरी नेहमी येणाऱ्या डॉक्टर रँकविषयी विचारता येईल. नोरा त्याच्याकडे पैसे मागण्याच्या अगदी बेतात असते. तेवढ्यात तो आपले प्रेम बोलून दाखवतो. ती उठते, मोलकरणीला दिवा आणायला सांगते आणि पैशांचा विषय कायमचा सोडून देते. ज्या माणसाने आत्ताच वाटेल ते करीन म्हटले, त्याच्याकडेच मागणे अशक्य का झाले? यावर माझ्या वर्गात दीड तास वाद झाला होता.

---

पळसफूल

तिसरी घंटा काकांचे म्हणणे पटले, पण नोराच्या सहीबद्दल मला थोडे वेगळे सांगायचे आहे, कारण ती गोष्ट मी घरात पाहिली आहे.

माझ्या आत्याने बऱ्याच वर्षांपूर्वी एका पतसंस्थेच्या कागदावर सासऱ्यांच्या नावाने स्वतःच सही केली होती. सासरे अंथरुणाला खिळले होते, विहिरीचे काम अर्धवट पडले होते आणि हंगाम तोंडावर आला होता. पुढे ते उघडकीस आले आणि घरात मोठे रामायण झाले. मला आठवते ते असे की आत्याला त्या सहीची लाज कधीच वाटली नाही. “विहिरीला पाणी लागलं ना?” एवढेच ती म्हणायची, आणि ते म्हणताना पदर सारखा करून ताठ बसायची.

नाटक वाचताना मला तीच बैठक दिसली. नोरा पहिल्या अंकात आपल्या जुन्या मैत्रिणीला, श्रीमती लिंडेला, कर्जाची गोष्ट सांगते ती रडून नाही, मिरवून सांगते. माझ्याकडेही अभिमान बाळगण्यासारखे काही आहे, असा तिचा रोख असतो. नवऱ्याला कधी सांगणार, असे विचारल्यावर ती म्हणते की पुढे कधीतरी, आपले रूप ओसरल्यावर आणि आपले नाचणे-सजणे त्याला पूर्वीसारखे भुलवेनासे झाल्यावर, काहीतरी हाताशी राखून ठेवलेले बरे. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवले होते. नोरा भोळी आहे असे सगळे म्हणतात, परंतु ही बाई आपल्या नवऱ्याचे प्रेम किती वर्षे टिकेल याचा हिशेब आधीच करून बसली आहे.

त्यामुळे “नोराने सही का केली?” हा प्रश्न फार उपयोगाचा नाही. नवऱ्याचा जीव वाचवायला केली, संपले. “ती ही गोष्ट कोणाला आनंदाने सांगते, कोणापासून लपवते, आणि लपवण्याचे कोणते कारण ती स्वतः देते?” असे विचारले तर पात्र हाती लागेल असे वाटते.

आणखी एक. नोराचे वडील २९ सप्टेंबरला वारले आणि सहीवर तारीख २ ऑक्टोबर. मेलेल्या माणसाची सही तीन दिवसांनी कशी झाली, एवढ्यावर क्रोगस्टाड तिला पकडतो. सहीजवळची तारीख वडिलांनी स्वतः घालायची म्हणून ती जागा त्याने कोरी सोडली होती. आमच्या आत्याचेही तारखेवरूनच सापडले, म्हणून हे लक्षात राहिले.

---

तिसरी घंटा

पळसफूल ताई, तो ‘राखून ठेवण्या’चा मुद्दा माझ्या दोन्ही प्रयोगांत निसटला होता. आमच्या नोराने ते वाक्य हसत, लाडिकपणे म्हटले आणि प्रेक्षकही हसले. ते हसत म्हणावे की थांबून म्हणावे, हा स्वतंत्र प्रश्न होऊ शकतो.

---

काळी माती

काल रविवारी बडतर्फीच्या पत्राचा प्रश्न वर्गात देऊन पाहिला. दोघांनी चुकीचे वाक्य काढले, पण पाने उलटून काढले. आर्णीकडून येणारी एक विद्यार्थिनी म्हणाली की हेल्मर क्षुद्र नाही हे दाखवण्यासाठी त्याने जे केले त्याच्याइतके क्षुद्र नाटकात दुसरे काही नाही. एवढे वाक्य ऐकायला मिळाले तरी सत्र वसूल झाले.

आता रंगमंचाकडे वळतो, कारण तेथे माझी अडचण प्रश्नांची कमी आणि सुतारकामाची अधिक आहे. समाजमंदिराला एका टोकाला ओटा आहे, वर टिनाचे छत, मागे नुसती भिंत. दोन बाजूंना विंगा म्हणून पडदे लावतो. दार नाही. या नाटकात शेवटी दार आपटल्याचा प्रसिद्ध आवाज आहे. कापडाच्या विंगेतून नोरा बाहेर पडली तर आवाज कशाचा काढावा?

---

झाडीचा माणूस

मी वडसा भागात नाटक मंडळांबरोबर ध्वनी आणि प्रकाशाचे काम करतो. दिवाळीनंतर आमचा हंगाम सुरू झाला की रोज वेगळे गाव, वेगळा मंडप आणि रात्रभर नाटक. दाराचा आवाज ही आमच्यासाठी नेहमीची गोष्ट आहे.

अडीच-तीन फूट लांबीच्या दोन जाड फळ्या घ्या आणि एका टोकाला बिजागरीने जोडा. खालची फळी लाकडी खोक्यावर ठेवा, म्हणजे पोकळीमुळे आवाज घुमेल. वरची फळी उचलून सोडली की दार लागल्यासारखा आवाज येतो. वरच्या फळीला एक जुनी कडी सैल खिळून ठेवली तर लाकडापाठोपाठ लोखंडाचाही आवाज होतो, आणि तोच प्रेक्षकाला पटतो. फळ्या जमिनीवर नुसत्या आपटू नका, ते काहीतरी पडल्यासारखे वाटते. माइक लावायचा असेल तर हातभर अंतर ठेवा, नाहीतर टिनाखाली नुसता भोंगा ऐकू येईल.

नोरा विंगेत गेली रे गेली की जोरात आवाज, लगेच अंधार आणि पडदा. आमच्याकडे टाळ्या तेथेच पडतात.

---

तिसरी घंटा

झाडीचा माणूस भाऊंची फळ्यांची युक्ती पहिल्या प्रतीची आहे, कडीसह. मात्र आवाज केव्हा काढावा याबाबत माझा पूर्ण विरोध आहे, आणि माझा पहिला प्रयोग नेमका येथेच फसला होता, म्हणून ठामपणे लिहितो.

सगळे जग ‘नोराने दार आपटले’ असे म्हणते. इब्सेनच्या शेवटच्या रंगसूचनेत खोलीचे दार नाही. खालून एक मोठे फाटक बंद झाल्याचा घुमणारा आवाज येतो, असे तेथे आहे. इमारतीच्या तळाशी रस्त्यावर उघडणारे ते फाटक. आपल्याकडच्या वाड्याचा दिंडी दरवाजा डोळ्यांपुढे आणला की जवळपास पोहोचतो.

आणि हा आवाज नोरा बाहेर पडताच येत नाही. ती दिवाणखान्यातून जाते. हेल्मर दाराजवळच्या खुर्चीत कोसळतो, तोंड ओंजळीत लपवतो, तिला हाक मारतो. मग उठतो, चौफेर पाहतो आणि खोली रिकामी असल्याचे त्याला जाणवते. तेव्हा त्याच्या मनात एक आशा चमकून जाते. दोघेही पार बदललो तर कदाचित, असे सर्वांत मोठ्या चमत्काराविषयी नोरा जाता जाता बोललेली असते. ते शब्द तो प्रश्नासारखे स्वतःशी उच्चारतो. त्यानंतर खालून फाटकाचा आवाज येतो.

आमच्या पहिल्या प्रयोगात मी झाडीचा माणूस भाऊंसारखेच केले होते. नोरा गेली, धाड्कन आवाज, अंधार. टाळ्या पडल्या, पण हेल्मरचे शेवटचे वाक्य अंधारात गेले आणि कोणालाच ऐकू आले नाही. प्रेक्षक ‘बाई रागावून गेली’ एवढे घेऊन घरी गेले. दुसऱ्या वेळी मी आवाज उशिरा आणि दुरून आणला. जिना उतरायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ हेल्मर एकटा रंगमंचावर होता. आम्ही तालमीत मोजला होता, तो वीस सेकंदांच्या आसपास भरला. त्या वीस सेकंदांत प्रेक्षागृहात कोणी खोकलेसुद्धा नाही. आवाज मोठा नव्हता, पण तो आशेच्या वाक्यावर पडला.

मुलांना विचारावयाचा प्रश्न असा : “शेवटचा आवाज कोठून येतो आणि कोणाच्या वाक्यानंतर येतो? तोच आवाज त्या वाक्याच्या आधी आला तर हेल्मरविषयी आपले मत कसे बदलेल?” आणि नुसता लेखी प्रश्न विचारून थांबू नका. फळ्या हाताशी असतील तर दोन्ही प्रकारे करून दाखवा.

---

झाडीचा माणूस

मान्य. संहिता मी वाचलेली नाही, ऐकीव माहितीवर लिहिले. पण काका, एक व्यावहारिक शंका येते. टिनाखाली तीनशे माणसे, बाहेर चहाची टपरी आणि मोटारसायकली. तेथे वीस सेकंद शांत ठेवायचे म्हणजे जुगार आहे. दुरून आलेला हलका आवाज मागच्या रांगेला ऐकूच जाणार नाही आणि त्यांना वाटेल की नाटक मध्येच बंद पडले. आमच्याकडे शांतता तीन सेकंदांवर गेली की मागून शिटी येते.

माझा सल्ला असा की फळ्यांचे खोके ओट्यामागे न ठेवता सभागृहाच्या प्रवेशदाराजवळ, प्रेक्षकांच्या पाठीमागे ठेवा. आवाज मागून आला की सगळे वळून पाहतात. ‘खालून’ आपल्याला जमणार नाही, कारण आपल्याकडे खाली काही नाहीच. ‘बाहेरून’ मात्र जमेल.

---

काळी माती

हे फारच उपयोगी पडले. समाजमंदिराच्या बाहेर अंगणाला खरेच एक लोखंडी फाटक आहे, आणि ते दर पावसाळ्यात अधिकाधिक करकरते. तेच का वापरू नये, असे आता मनात येत आहे.

पत्रपेटीचाही असाच घोळ आहे. हेल्मरच्या घराची पत्रपेटी कुलूपबंद असते आणि किल्ली एकट्या त्याच्याकडे असते. पेटीच्या काचेतून कर्जाचे सगळे उघड करणारे क्रोगस्टाडचे पत्र दिसते, पण काढता येत नाही. आमच्या एका विद्यार्थ्याने पेटीऐवजी मोबाइल दाखवू असे सुचवले आणि वर्ग खूश झाला. मी नकार दिला, परंतु नीट कारण देता आले नाही.

---

पळसफूल

कारण असे देता येईल. दुसऱ्या अंकाच्या शेवटी पाच वाजलेले असतात. नोरा मोजते की मध्यरात्रीपर्यंत सात तास, तेथून पुढच्या मध्यरात्रीपर्यंत चोवीस, म्हणजे आपल्याला जगायला एकतीस तास उरले. हे तास कुलपामुळे मिळतात. पत्र आलेले आहे, दिसते आहे, आणि पुढच्या रात्रीचा तिचा नाच संपेपर्यंत नवऱ्याला पेटीकडे जाऊ द्यायचे नाही. मोबाइलवर निरोप आला तर तो तेव्हाच वाचला जाईल आणि तिसऱ्या अंकापर्यंत जायला काही उरणार नाही.

शिवाय तिसऱ्या अंकात हेल्मरला कुलपात केसांची तुटलेली पिन सापडते आणि नोरा सरळ मुलांवर ढकलते. एवढ्या तणावातही तिला खोटे किती सहज सुचते! त्या विद्यार्थ्याला विचारा की मोबाइल घेतला तर ही पिन कोठे जाईल.

---

वर्धाकाठ

शेवटाविषयी थोडे लिहितो. या नाटकाचा दुसरा शेवटही इब्सेननेच लिहिला आहे आणि त्यात नोरा घर सोडत नाही, मुलांसाठी थांबते. म्हणजे लेखकाचेच मत ठरलेले नव्हते. त्यामुळे मुलांना दोन्ही शेवट समान मानून “तुम्ही कोणता निवडाल?” असे विचारावे. मराठीतही अनंत काणेकरांनी ‘घरकुल’ या नावाने याचे रूपांतर केले होते, म्हणजे आपल्या मातीत बदल करून घेण्याला परंपरा आहे.

---

तिसरी घंटा

वर्धाकाठ, दुसरा शेवट इब्सेननेच लिहिला हे खरे, परंतु त्यावरून आपण काढलेला निष्कर्ष टिकत नाही. नाटक डिसेंबर १८७९ मध्ये छापले गेले आणि २१ डिसेंबरला कोपनहेगनला त्याचा पहिला प्रयोग झाला, तो मूळ शेवटासह. पुढे जर्मनीतील हेडविग नीमन-राबे या प्रसिद्ध अभिनेत्रीने मुले सोडून जाणारी नोरा करण्यास नकार दिला. परभाषेतील नाटकाला तेव्हा तेथे पुरेसे कायदेशीर संरक्षण नव्हते, त्यामुळे कोणीही मनाप्रमाणे शेवट बदलू शकला असता. दुसऱ्याने मोडतोड करण्यापेक्षा आपणच करावी म्हणून १८८० साली इब्सेनने तो बदल लिहून दिला. त्यात हेल्मर नोराला मुलांच्या खोलीच्या दाराशी नेतो, झोपलेली मुले पाहून ती तेथेच कोसळते आणि पडदा पडतो. हा बदल म्हणजे आपल्या नाटकावरचा रानटी अत्याचार आहे, असे इब्सेनने स्वतःच म्हटले. त्यामुळे हे दोन शेवट एका तागडीत बसत नाहीत.

तरीही तो वर्गात अवश्य वाचावा. प्रश्न मात्र “कोणता निवडाल?” असा नसावा. “या शेवटासाठी आधीच्या संभाषणातील कोणती वाक्ये खोटी ठरतात?” असा विचारावा. मुलांचे संगोपन करण्यास मी लायक नाही, आधी मला स्वतःला घडवायचे आहे, असे नोरा पाचच मिनिटांपूर्वी म्हणालेली असते.

---

वर्धाकाठ

संरक्षणाची बाब मला माहीत नव्हती, म्हणून तेवढा भाग मागे घेतो. पण आमच्या गावात हा प्रयोग झाला आणि नोरा निघून गेली तर “लेकरांचं काय?” हा प्रश्न पहिल्या रांगेतून येणारच, आणि तो प्रश्न मागासलेला आहे असे मी मानत नाही.

---

पळसफूल

तो प्रश्न मागासलेला मुळीच नाही. फक्त नाटक कशाकशाचे उत्तर देते ते आधी वेगळे काढावे लागेल. आमच्या वाचनगटात सगळ्यांनी “नोरा कोठे गेली हे कळत नाही” असे म्हटले, आणि ते चूक होते. आजची रात्र ती क्रिस्टीनाकडे, म्हणजे श्रीमती लिंडेकडे काढणार आहे, उद्या आपल्या जुन्या गावी जाणार आहे आणि तिचे माहेरचे सामान बांधायला क्रिस्टीना येणार आहे. ती किल्ल्या ठेवते, अंगठी परत देते आणि नवऱ्याचीही परत मागून घेते, पत्रे पाठवू नकोस असेही सांगते. हे सगळे संहितेत आहे. मुलेही घरातल्या दाईकडे आहेत. त्या दाईने नोरालाही लहानपणी सांभाळले होते, आणि त्यासाठी स्वतःचे मूल दुसऱ्याच्या हाती सोपवले होते. “लेकरांचं काय?” असे विचारणाऱ्याला मी या दाईकडे बोट दाखवीन. पोटासाठी मूल सोडून आलेल्या या बाईला नाटकात कोणी दोष देत नाही.

मला खरोखर अनुत्तरित वाटते ते श्रीमती लिंडेचे वागणे. तिसऱ्या अंकात तिचे आणि क्रोगस्टाडचे पुन्हा जुळते, आणि तो पत्र न वाचलेलेच परत मागून घ्यायला तयार होतो. तीच त्याला थांबवते. या घरात चोवीस तासांत जे पाहिले त्यावरून हेल्मरला सगळे कळलेच पाहिजे, असे ती म्हणते. नोराने तिला हे करायला सांगितलेले नाही. उलट नोराने तिच्याकडे मदत मागितली होती. मैत्रिणीचा संसार उघडा पाडण्याचा अधिकार हिला कोणी दिला?

---

तिसरी घंटा

माझ्या मते ती निर्णय नोराच्या भल्यासाठीच घेते. तिने स्वतः आई आणि भावांसाठी मन मारून लग्न केले होते. खोटेपणावर उभ्या असलेल्या संसाराचा वास तिला लगेच येतो.

---

पळसफूल

काका, येथे मी आपल्याशी सहमत नाही. हे ती बोलते तेव्हा तिला नुकतेच स्वतःचे घर मिळालेले आहे, आणि बँकेतली क्रोगस्टाडची जागाही. सुखात आलेल्या माणसाला दुसऱ्याच्या घरातले सत्य फार परवडते. तिला नोराचा थोडासा हेवा वाटत नसेल असे मी शपथेवर सांगणार नाही.

---

तिसरी घंटा

हेवा संहितेत कोठे दिसतो ते दाखवावे, मग विचार करीन.

---

पळसफूल

पहिल्या अंकात नोरा तिला म्हणते की तुला आयुष्यातल्या त्रासाची कल्पना नाही असे सगळे मला म्हणतात, आणि तेव्हा क्रिस्टीनाही तिला जवळजवळ पोरच ठरवते. तो हेवा नसेलही, पण मैत्रिणीला शिकवण्याची खुमखुमी नक्कीच आहे.

---

काळी माती

आपल्या दोघांचा हा वाद मी नावे न घालता वर्गात वाचून दाखवला. श्रीमती लिंडे करणारी मुलगी अडून बसली आहे. बाईचा हेतू ठरल्याशिवाय ते वाक्य कोणत्या आवाजात म्हणू, असे ती विचारते. मी तिला दोन्ही प्रकारे म्हणायला लावले. एकदा क्रोगस्टाडकडे पाहून आणि एकदा नोराच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून. वर्ग पुन्हा दोन तटांत विभागला, मात्र या वेळी प्रत्येक जण पानाचा क्रमांक सांगून भांडत होता. वाक्य कसे म्हणायचे ते अजून ठरलेले नाही.

फाटकाची चाचणीही घेतली. अंगणातले लोखंडी फाटक लावले की आवाज येतो, पण आधी पाच सेकंद करकरते, त्यामुळे पुढे काय होणार ते सगळ्यांना आधीच कळते. म्हणून फळ्या आणि कडीच घेणार आहे. सुताराने शनिवारी देतो म्हटले आहे.

त्या चाचणीत सर्वांत मागे बसलेल्या मुलाने विचारले, “सर, फाटक नोरानंच लावलं हे कशावरून? रात्र झाली आहे, कोणी दुसरं आत आलं असेल, नाहीतर राखणदारानं लावलं असेल.” मी रंगसूचना पुन्हा उघडली. तेथे आवाज आहे, माणसाचे नाव नाही.

---

तिसरी घंटा

चाळीस वर्षांत मला हे सुचले नाही. त्या मुलाला फळ्यांवर बसवा.

---

झाडीचा माणूस

बसवा, पण वरची फळी सोडताना बोटे वाचवायला सांगा.